प्रेसमध्ये हात घालण्याआधी कुलूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा जीआयडीसीतल्या आपल्या प्रेस शॉपसाठी हे परिपत्रक आहे. गुजराती आणि हिंदी प्रती नोटीस बोर्डावर लागल्या आहेत. पण शॉपमध्ये बाबाजीपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांतले आणि खानदेशातून आलेले बरेच जण घरी मराठी बोलतात, मराठी वाचतात. ही प्रत त्यांच्यासाठी.

यात एकच विषय घेतला आहे. माल अडकला, डाय साफ करायची आहे, पंच बदलायचा आहे किंवा दुरुस्ती आहे, तर प्रेसच्या आत हात घालण्याआधी काय करायचं? बूट, चष्मा, कानाचे प्लग यांचं पत्रक वेगळं आहे. खालचे प्रश्न शिफ्ट सुरू होताना उभ्याउभ्या होणाऱ्या बैठकीत तुम्हीच विचारलेले आहेत. जिथे उत्तर लांबलं आहे तिथे ते लांबवण्याची गरज होती, तेवढं सावकाश वाचा.

मोटर बंद केली की मशीन बंदच झालं. मग वर कुलूप कशाला?

मोटर बंद झाली म्हणजे फक्त नवी ताकद येणं थांबलं. जी ताकद आधीच मशीनमध्ये भरलेली आहे ती तिथेच असते. प्रेसचं फ्लायव्हील म्हणजे शेकडो किलोचं चाक. मोटर त्याला फिरवते आणि पत्रा कापण्याचा खरा दणका ते चाक देतं. मोटरचं बटन दाबल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरत असताना पॅडलवर पाय पडला तर मोटर बंद असूनही रॅम खाली येतो. आपल्या शॉपमधला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून तो पहिला घेतला.

दुसरं कारण माणसाचं. तुम्ही प्रेसच्या मागच्या बाजूला वाकलेले आहात आणि समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. त्याला मशीन रिकामं दिसतं, तो बटन दाबतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला माहीतच नसतं. कुलूप असेल तर त्याला माहीत असण्याची गरजच उरत नाही, कारण मशीन चालूच होत नाही.

लाल मशरूम बटन दाबून ठेवलं तर चालेल का?

नाही. इमर्जन्सी स्टॉपचं बटन फक्त कंट्रोलची वायर तोडतं, मेन सप्लाय पॅनलमध्ये तसाच राहतो. शिवाय ते बटन कोणीही फिरवून सोडवू शकतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही.

आणि आपल्या पिन क्लचच्या प्रेसवर आणखी एक गोष्ट आहे. अशा प्रेसमध्ये एकदा पिन आत बसली की क्रँक पूर्ण एक फेरा घेतल्याशिवाय थांबत नाही. अर्ध्या वाटेत लाल बटन दाबलं तरी रॅम खाली जाऊन वर येणारच. प्रेस मिनिटाला ६० स्ट्रोकची असेल तर एका फेऱ्याला एक सेकंद लागतो, म्हणजे रॅम अर्ध्या सेकंदात खाली. डोळ्याला दिसून, लक्षात येऊन हात मागे घ्यायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणूनच या प्रेसवर पुढे प्रकाशाचा पडदा बसवूनही उपयोग नाही: पडद्याला हात दिसेल, पण त्याला रॅम थांबवता येणार नाही.

कुलूप केव्हा लावायचं? प्रत्येक पीसला लावत बसलो तर काम कसं होणार?

प्रत्येक पीसला नाही. नियम एवढाच लक्षात ठेवा: गार्डच्या आत शरीराचा कुठलाही भाग जाणार असेल तर कुलूप. गार्ड जागेवर आहे आणि लांब चिमट्याने किंवा चुंबकाच्या काठीने पीस बाहेर येतोय, हात गार्डच्या बाहेरच राहतोय, तर ते रोजचं काम झालं, कुलूप नको. चिमट्याने निघाला नाही, गार्ड उघडावं लागलं किंवा बोटं आत घालावी लागणार, की तिथे काम थांबवा आणि कुलूप लावा.

"दोन सेकंदांचं तर काम आहे" असं मनात आलं की समजा, हीच ती वेळ.

नेमकं काय काय करायचं? एक उदाहरण घेऊन सांगा.

दुसरी पाळी आहे. ६३ टनी पिन क्लच प्रेसवर ब्रॅकेटचं ब्लँकिंग चालू आहे. एक पीस डायमध्ये तिरका अडकला, रॅम वर थांबलेला आहे, चिमट्याने पीस हलत नाही. प्रेसवर ऑपरेटर आणि हेल्पर आहेत, सेटरला बोलावलं आहे.

ऑपरेटर पॅडलवरून पाय काढतो आणि मागे सरकून उभा राहतो. हेल्परला आणि बाजूच्या प्रेसवाल्याला मोठ्याने सांगतो, "बंद करतोय, आत काम आहे." मग मोटरचं स्टॉप बटन दाबतो.

आता पॅनल. पॅनलवर पांढऱ्या रंगात प्रेसचा नंबर लिहिला आहे, तो आधी वाचायचा. आपल्याकडे दोन-दोन पॅनल शेजारी शेजारी आहेत, आणि घाईत शेजारच्या प्रेसचं हँडल खाली ओढलं जाऊ शकतं. तसं झालं तर कुलूप लागेल, पण भलत्याच मशीनला. नंबर जुळला की बाहेरचं मेन हँडल बंद करायचं, त्याच्या भोकात सहा भोकांचा लाल हॅस्प अडकवायचा आणि त्यात ऑपरेटरने आपलं कुलूप लावायचं. सेटरही हात घालणार आहे, म्हणून दुसऱ्या भोकात त्याचं कुलूप. दोघांचे टॅग लावायचे: नाव, विभाग, वेळ, कशासाठी. टॅगवर तिन्ही भाषांत छापलं आहे, "चालू करू नका", "चालु करशो नहीं", "चालू न करें". चावी ज्याची त्याच्या खिशात.

मग प्रेसपाशी परत येऊन फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं. कुलूप आधी, वाट पाहणं नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. वाट पाहत असताना कोणी मोटर सुरू करू नये म्हणून.

चाक थांबल्यावर मोटरचं स्टार्ट बटन दाबून बघायचं. काही होता कामा नये. झालं तर पॅनल चुकलं आहे किंवा हँडल आतून तुटलं आहे. वायरमनला बोलवा आणि तोपर्यंत हात घालू नका.

स्टार्ट बटनासोबत पॅडलही दाबून बघू का?

अजिबात नाही. चाक फिरत असताना दाबलं तर रॅम पडेल, हे उघड आहे. चाक थांबलेलं असताना दाबलं तर धोका लपून राहतो: पिन क्लचमध्ये बसायला तयार राहते, आणि पुढे कोणीतरी मोटर सुरू केली की पॅडलला न शिवताच रॅम खाली येतो. चुकून दाबलं गेलं असेल तर लगेच सेटरला सांगा. तो क्लच परत सोडवून देईल. सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, न सांगितल्याने मात्र पुढच्या माणसाचा हात जाऊ शकतो.

आता तरी हात घालू का?

अजून एक काम बाकी आहे: ब्लॉक. रॅम वर आहे. तो ब्रेकने आणि क्रँकच्या जागेमुळे टिकून असतो. ब्रेकचं लायनिंग घासलेलं असेल किंवा तेलकट झालं असेल तर रॅम स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकतो, त्याला वीज लागत नाही. म्हणून रॅम आणि बोल्स्टरच्या मध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करायचा. ब्लॉकला हँडल आहे, ते धरून तो बाहेरूनच आत सरकवायचा.

मग अडकलेला पीस पितळी सळईने ठोकून काढायचा, ब्रशने डाय साफ करायची. दोन मिनिटांचंच काम आहे, पण आता ती दोन मिनिटं निर्धास्त आहेत.

उलट येताना: हत्यारं मोजून बाहेर, ब्लॉक बाहेर, गार्ड जागेवर आणि बोल्ट कसलेले, सगळे बाजूला उभे. मग प्रत्येकाने आपलं आपलं कुलूप काढायचं, हॅस्प निघाल्यावर मेन चालू करायचा. मोटर सुरू करून चाक वेगात आलं की पहिला स्ट्रोक पत्रा न घालता, रिकामा. तो ठीक गेला की काम सुरू.

ब्लॉक म्हणून लाकडाचा ठोकळा किंवा पाइपचा तुकडा चालेल का?

नाही. शॉपमधले पिवळे ब्लॉक त्या त्या प्रेसच्या रॅमचं आणि वरच्या डायचं वजन पेलतील असे निवडलेले आहेत आणि प्रत्येकावर प्रेसचा नंबर आहे. रद्दीतला ठोकळा घसरतो, पाइप तिरका होऊन उडतो.

पण ब्लॉककडून भलती अपेक्षाही ठेवू नका. तो फक्त वजन पेलतो. मोटर चालू करून रॅमने त्यावर दणका दिला तर ब्लॉक फुटून तुकडे अंगावर येतील. म्हणूनच ब्लॉकला साखळीने एक प्लग बांधला आहे. ब्लॉक उचलायचा तर तो प्लग सॉकेटमधून काढावाच लागतो, आणि प्लग निघाला की कंट्रोल सप्लाय तुटतो. काही जणांनी साखळी लांब करून घेतली आहे, ती या आठवड्यात परत आखूड होईल. ब्लॉक त्याच्या जागेपासून हलला आणि प्लग मात्र सॉकेटमध्येच राहिला, तर त्या साखळीचा काही अर्थच उरत नाही.

फ्लायव्हील थांबलं हे आवाजावरून कळतं ना?

आवाजावरून नाही. शेजारच्या चार प्रेस चालू असताना कान फसतो. डोळाही फसू शकतो: जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली फिरणारं चाक कधीकधी थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं, कारण ट्यूब एका सेकंदात शंभर वेळा मंद-तेज होत असते. म्हणून प्रत्येक चाकाच्या कडेवर एकच जाड पिवळी पट्टी रंगवली आहे. ती पट्टी एका जागी दिसली तरी नजर हलवू नका, चाकाची आरी, बोल्ट सगळं नीट बघा, टॉर्च मारून बघा. हात लावून बघायचं नाही, सळई लावून थांबवायचंही नाही. किती वेळ लागेल ते प्रत्येक प्रेसचं वेगळं असतं. घड्याळ न बघता चाक बघा.

मोठ्या एअर क्लच प्रेसवर हेच चालतं का?

बहुतेक हेच, पण हवेचा भाग वाढतो आणि तिथे क्रम चुकला तर हात जाऊ शकतो.

आपल्या दोन मोठ्या प्रेसवर रॅमचं वजन तोलून धरणारे हवेचे सिलिंडर आहेत. माणसाला वाटतं, सुरक्षित करायचं म्हणजे आधी सगळी हवा सोडून द्यावी. पण हवा सुटली की रॅमला तोलणारं काही उरत नाही आणि तो खाली येऊ शकतो. म्हणून क्रम असा: विजेचं कुलूप, चाक थांबेपर्यंत वाट, मग ब्लॉक, आणि त्यानंतर हवेचा व्हॉल्व्ह बंद करून त्यालाही कुलूप. मग उरलेली हवा सोडायची. गेजचा काटा शून्यावर आला पाहिजे. काटा थोडा वरच अडकला असेल तर "गेज खराब असेल" असं ठरवून पुढे जाऊ नका. डायखाली कुशन असेल तर त्याची हवा वेगळी असते, तिचा वेगळा व्हॉल्व्ह आहे, तोही बंद करून मोकळा करा.

हे काम ऑपरेटरने एकट्याने करायचं नाही, मेंटेनन्सचा माणूस हवाच.

पॅनल उघडून बघायचं असेल तर?

पॅनल फक्त वायरमनने उघडायचं. ऑपरेटरने बाहेरच्या हँडलपर्यंतच जायचं.

वायरमन मंडळींसाठी: हँडल खाली आलं म्हणजे आतले तिन्ही कॉन्टॅक्ट सुटले असं नाही. एखादा फेज चिकटून राहिलेला असतो. मीटर आधी चालू असलेल्या जागेवर लावून तो चालतोय हे बघा, मग बंद केलेल्या बाजूला तिन्ही फेजवर बघा, आणि शेवटी पुन्हा चालू जागेवर. मधल्या वेळात मीटरच बंद पडला असेल तर शेवटच्या तपासणीत कळतं. टेस्टर पेनवर हा निर्णय सोडू नका.

आम्ही चौघे काम करतोय. एकाने लावलं तर पुरे ना?

एक माणूस, एक कुलूप, एक चावी. चौघे आत हात घालणार असतील तर हॅस्पमध्ये चार कुलपं. दोघांचं काम संपलं आणि त्यांनी आपली कुलपं काढली तरी उरलेल्या दोन कुलपांमुळे मशीन चालू होऊ शकत नाही. हॅस्पची सगळी कल्पना एवढीच आहे.

दुसऱ्याला "माझंही धर, मी आत जातोय" असं सांगून जाऊ नका. तो चहाला गेला, पाळी बदलली, विसरला, तर तुमचा हात त्याच्या आठवणीच्या भरवशावर राहतो.

पाळी संपली आणि काम अर्धवट आहे. कुलपाचं काय?

पुढच्या पाळीचा माणूस आधी येऊन त्याचं कुलूप लावेल, मग तुम्ही तुमचं काढा. मध्ये एक क्षणही हॅस्प रिकामा राहता कामा नये. ताबा देताना मशीनपाशी उभं राहून सांगा: ब्लॉक कुठे आहे, कुठला बोल्ट ढिला आहे, हवा सोडली आहे का. गेटवरून हात दाखवून "बाकी तू बघ" म्हणणं म्हणजे ताबा देणं नाही.

कुलूप लावणारा माणूस विसरून घरी गेला. कटरने तोडू का?

आधी त्याला फोन. तो कॅन्टीनमध्ये, टॉयलेटमध्ये किंवा प्रेसच्या मागेच असू शकतो, म्हणून टाइम ऑफिसमधून पंच आउट झाला आहे का ते बघा. तो खरोखर बाहेर आहे हे कळल्यावर शिफ्ट इंचार्ज आणि मेंटेनन्स इंचार्ज दोघांनी मिळून मशीन चारी बाजूंनी बघायचं, आत कोणी नाही, हत्यार नाही, ब्लॉक नाही, आणि मगच कुलूप कापायचं. रजिस्टरमध्ये दोघांची सही. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलं आहे. नाहीतर तो कुलूप अजून आहे असं समजून थेट हात घालेल. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते.

एकट्या सुपरवायझरला, एकट्या मॅनेजरला कुलूप कापता येत नाही. हे परिपत्रक लिहिणाऱ्या मलाही नाही.

डाय सेट करताना रॅम थोडाथोडा खाली आणावा लागतो. कुलूप लावून ते कसं करणार?

सेटर मंडळींचा हा रास्त प्रश्न आहे. पिन क्लच प्रेसवर मेनला कुलूप लावून, चाक थांबल्यावर, सळईने चाक हाताने फिरवून रॅम खाली आणायचा. मोटर जॉग करून डाय जुळवायची नाही.

यातला धोका सळईचा. ती चाकाच्या भोकात विसरली आणि मोटर सुरू झाली तर ती गोळीसारखी सुटते. म्हणून स्प्रिंगवाली सळईच वापरा: हात सोडला की ती आपोआप भोकातून बाहेर पडते. साधी सळई शॉपमध्ये दिसली तर स्टोअरला जमा करा. सेटिंग संपल्यावर क्लच सुटलेला आहे आणि पिन आत नाही, हे स्वतः बघून मगच कुलूप काढा.

मधेच लाइट गेली तर कुलूप नको ना? वीजच नाही.

तेव्हा तर हवंच. मे महिन्यात दुपारी लाइट जाते, सगळे म्हणतात चला, तेवढ्यात डाय साफ करून घेऊ. लाइट केव्हा येईल ते कोणालाच माहीत नसतं. आपल्या बहुतेक पॅनलमध्ये कॉन्टॅक्टर आहे, वीज गेली की तो सुटतो आणि बटन दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. पण दोन जुन्या प्रेसवर फिरवायचा स्विच आहे, तो चालू जागेवर राहिला असेल तर वीज येताच मोटर सुरू होते. आणि लाइट स्ट्रोकच्या मध्ये गेली असेल तर पिन आतच असते, म्हणजे मोटरसोबत रॅमही निघतो. लाइट गेली की पहिलं काम स्विच बंद करणं, दुसरं मेन खाली करणं.

कुलपाच्या भानगडीत टार्गेट गेलं तर?

कुलूप लावल्यापासून काढेपर्यंतचा वेळ डाउनटाइममध्ये लिहिला जाईल, तो ऑपरेटरच्या टार्गेटमध्ये धरला जाणार नाही. हे प्रॉडक्शन मॅनेजरांच्या सहीने ठरलं आहे, या परिपत्रकाच्या मूळ प्रतीवर ती सही आहे. टॅगवर वेळ लिहायला सांगितलं आहे ते यासाठीही. दरवेळी तोच पीस अडकत असेल तर तेही त्यातून दिसतं, आणि मग डाय टूलरूमला पाठवता येते. तीन-तीन वेळा हात घालून एकच खराब डाय चालवत राहणं कोणाच्याच फायद्याचं नाही.

सुपरवायझरच म्हणाले, "कुलूप राहू दे, पटकन काढ." तर?

हात घालू नका. शांतपणे सांगा, "साहेब, कुलूप लावून काढतो." तरी जोर केला तर सेफ्टी ऑफिसला फोन करा, रात्र असली तरी. कायद्याचाही आधार आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून मशीनच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. त्याच कायद्याने कामगारावरही हे बंधन घातलं होतं की सुरक्षेची साधनं जाणूनबुजून निकामी करायची नाहीत. म्हणजे गार्ड काढून चालवायला सांगणारा आणि काढून चालवणारा, दोघेही चूक ठरतात.

प्रेस कधीकधी डबल मारते. चालवत राहू का?

नाही, ताबडतोब थांबवा. पॅडल एकदा दाबून रॅम दोनदा आला तर पिन, तिची स्प्रिंग किंवा ब्रेक घासलेला आहे. त्याआधीही खुणा दिसतात: रॅम वर थांबताना थोडा पुढे सरकतो, वर येऊन हलकासा खाली लटकतो, क्लचमधून नेहमीच्या "टक्" ऐवजी घासल्यासारखा आवाज येतो, पॅडल उशिरा वर येतं. यातली एकही खूण दिसली तर मशीनला कुलूप आणि मेंटेनन्सला कळवा. ब्रेक स्वतः कसू नका.

हेल्पर आणि ठेकेदाराची माणसं?

त्यांनाही हेच नियम, त्यांनाही स्वतःचं कुलूप. ट्रेनिंग झालेलं नाही असा माणूस प्रेसच्या आत हात घालणार नाही.

इतकं करूनही कोणाचं बोट गेलं तर पहिल्या मिनिटाला काय करायचं?

बोट किंवा हात डायमध्ये अडकला असेल तर मोटर सुरू करून रॅम वर घ्यायचा प्रयत्न करू नका. मेन बंद करा, सेटरला बोलवा, चाक उलटं फिरवून रॅम उचलला जाईल.

हात मोकळा असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्या, हात हृदयापेक्षा वर धरा, माणसाला आडवं झोपवा. १०८ ला फोन करा, गेटवर एक माणूस पाठवा म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सला शोधावं लागणार नाही. हळद, कॉफी पावडर, ग्रीस काहीही लावू नका.

तुटलेला तुकडा सापडला तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. तुकडा थेट बर्फाला लागला तर तो गोठून खराब होतो आणि जोडता येत नाही. पाण्यात बुडवूनही ठेवू नका. पिशवीवर माणसाचं नाव आणि वेळ लिहून ती त्याच्यासोबतच द्या. कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये यासाठी बर्फ ठेवलेला असतो, सरबतासाठी तो संपवू नये ही विनंती.

ईएसआयमधून काय मिळतं?

कामावर झालेल्या इजेने काम करता येत नसेल तर त्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. अट अशी की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं पाहिजे. कायमचं अपंगत्व राहिलं तर त्याची भरपाई वेगळी असते, मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. यासाठी इजा लहान असली तरी त्याच दिवशी अपघात रजिस्टरमध्ये लिहून घ्या. "घरी जाऊन बघू" म्हणून सोडलं की पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

माझ्या कुलपाची चावी हरवली तर? एक जास्तीची चावी ठेवून घेऊ का?

जास्तीची चावी कोणाकडेच ठेवलेली नाही, स्टोअरमध्येही नाही. दुसरी चावी असली की ते कुलूप एका माणसाचं राहत नाही. हरवली तर वर सांगितलेल्या पद्धतीने, तुमच्या समोर, कुलूप कापलं जाईल. नवं कुलूप आणि एकच चावी स्टोअरमधून सही करून घ्या. त्याचे पैसे पगारातून कापले जाणार नाहीत, म्हणून हरवल्याचं लपवू नका.